६०० विद्यार्थी की २० तुकड्या? निरीक्षणाचे एकक आणि विश्लेषणाचे एकक

शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत एक ओळ सारखी भेटते: ‘प्रश्नावली विद्यार्थ्यांकडून भरून घेतली, म्हणून विश्लेषणाचे एकक विद्यार्थी.’ यातला ‘म्हणून’ चुकीचा आहे, आणि मार्गदर्शकही तो खोडत नाहीत याचे मला फार वाईट वाटते.

निरीक्षणाचे एकक सगळ्यांना कळते. माहिती ज्याच्याकडून किंवा ज्याच्याबद्दल नोंदवली, ते. तक्त्यातली एक ओळ म्हणजे बहुधा एक निरीक्षण. विश्लेषणाचे एकक म्हणजे निष्कर्ष ज्याच्याविषयी आहे, ते. मुख्याध्यापकांना विचारून शाळेतल्या सुविधांची नोंद केली, तर उत्तर देणारा माणूस असतो आणि विश्लेषण शाळेचे होते. इथे कोणी अडखळत नाही.

घोळ होतो तो एकाच ठिकाणी: मोजमाप विद्यार्थ्याचे, पण ज्याचा परिणाम तपासायचा ती गोष्ट तुकडीला लागू केलेली.

समजा गणित शिकवण्याची नवी पद्धत तपासायची आहे. २० तुकड्या घेतल्या, प्रत्येकीत ३० विद्यार्थी. चिठ्ठ्या टाकून १० तुकड्यांना नवी पद्धत दिली, १० तुकड्यांत जुनीच ठेवली. शेवटी ६०० विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. नव्या पद्धतीच्या विद्यार्थ्यांची सरासरी ४ गुणांनी जास्त आली. गुणांचे प्रमाण विचलन १६. आता ३०० विरुद्ध ३०० अशी टी-चाचणी लावली, तर फरकाची प्रमाण त्रुटी १.३ येते आणि टी सुमारे ३.१. प्रबंधात लिहिले जाते, ‘फरक ०.०१ स्तरावर सार्थ आहे.’

पण चिठ्ठी विद्यार्थ्याच्या नावाची निघालीच नव्हती, तुकडीच्या नावाची निघाली होती. एका तुकडीतल्या ३० जणांचा शिक्षक एक, तासिका एक, वर्गातले वातावरण एक. त्यामुळे त्यांचे गुण एकमेकांसारखे असतात. हे साधर्म्य अंतर्वर्गीय सहसंबंधाने मोजतात. शालेय गुणांत ते ०.२ च्या आसपास असणे नवलाचे नाही. तेवढेच धरू. मग विचरण किती पटीने फुगते ते असे निघते: १ + (३० − १) × ०.२ = ६.८. म्हणजे ६०० विद्यार्थ्यांतून मिळणारी माहिती जेमतेम ८८ स्वतंत्र विद्यार्थ्यांइतकी. प्रमाण त्रुटी ६.८ च्या वर्गमुळाने, म्हणजे २.६ पटीने वाढून ३.४ होते, आणि टी १.२ वर येतो. २० तुकड्यांतून २ गट वजा करून स्वातंत्र्यमात्रा १८ उरते, आणि तेव्हा ०.०५ स्तरासाठी टी किमान २.१ हवा. फरक तोच ४ गुणांचा. फक्त तो पद्धतीमुळे आला की त्या दहा तुकड्यांच्या शिक्षकांमुळे, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.

हा दोष दुसऱ्याच्या लेखात ओळखायचा असेल, तर स्वातंत्र्यमात्रा पाहावी. २० तुकड्यांच्या प्रयोगात तिथे ५९८ छापलेले दिसले, की विश्लेषण चुकीच्या पातळीवर झाले आहे. स्वतःच्या तक्त्यात पाहायचे असेल, तर ‘पद्धत’ हा रकाना वरून खाली वाचावा. एका तुकडीच्या तीसही ओळींत तीच नोंद असेल, तर पद्धतीबाबतचे विश्लेषणाचे एकक तुकडीच.

त्याच तक्त्यात हजेरीचा रकाना असेल, तर गोष्ट वेगळी. हजेरी विद्यार्थ्यागणिक बदलते. ‘हजेरी जास्त तर गुण जास्त का?’ या प्रश्नाला विश्लेषणाचे एकक विद्यार्थी हेच योग्य. विद्यार्थी तुकड्यांत विभागलेले आहेत हे तिथेही हिशेबात घ्यावे लागते, एवढेच. एका अभ्यासात दोन प्रश्न असतील, तर दोन एकके असू शकतात. एकच एकक लिहा असा आग्रह धरणारे प्रबंध-आराखडे मला मुळीच मान्य नाहीत. उलट्या दिशेची चूकही होते: तुकड्यांच्या सरासरी हजेरीचा आणि सरासरी गुणांचा संबंध काढून तो एकेका विद्यार्थ्याला चिकटवणे. सरासऱ्यांमधला संबंध विद्यार्थ्यांमध्ये तेवढाच असेल, किंवा असेलच, असे नाही.

उपाय म्हणून लोक लगेच विद्यार्थी आणि तुकडी या दोन्ही पातळ्या एकत्र हिशेबात धरणाऱ्या बहुस्तरीय प्रतिमानाकडे धावतात. ते चांगलेच आहे, पण तुकड्या सारख्या आकाराच्या असतील आणि प्रश्न फक्त पद्धतीचा असेल, तर मी प्रत्येक तुकडीची सरासरी काढून २० आकड्यांवर साधी टी-चाचणी लावणेच पसंत करते. वरच्या उदाहरणात तिथूनही प्रमाण त्रुटी ३.४ च येते, आणि नमुना किती लहान आहे हे वाचणाऱ्यापासून लपत नाही.

‘मग विद्यार्थी वाढवतो’ असे कोणी म्हणाले, तर हिशेब करून दाखवावा. प्रत्येक तुकडीत ३० ऐवजी ६० विद्यार्थी घेतले, तर प्रमाण त्रुटी ३.४ वरून ३.३ होते. विद्यार्थी ३० च ठेवून तुकड्या ४० केल्या, तर ती २.४ वर उतरते. दोन्हीकडे विद्यार्थी १२०० च.