दर तासाला सुटते म्हणजे दर तासाला भेटते असं नाही

गणित जुनंच आहे. अ स्टेशनहून ब ला आणि ब हून अ ला दर तासाच्या ठोक्याला एक गाडी सुटते, प्रवास बरोबर 5 तासांचा, तर अ हून निघालेल्या माणसाला वाटेत समोरून येणाऱ्या किती गाड्या भेटतील? आणि समोरचा पट्कन म्हणतो 5. का? तर तासाला एक गाडी, 5 तास, झालं की. हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता "तासाला एक" एवढं ऐकलं तरी कपाळाला आठ्या पडतात.

गाडी दर तासाला सुटते म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण सुटण्यातलं अंतर आणि भेटण्यातलं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या बिनदिक्कत एकच धरतात.

समजा तुम्ही अ आणि ब च्या बरोबर मधल्या स्टेशनवर सकाळी 10 ते दुपारी 3 बाकावर बसून राहिलात. ब हून येणारी गाडी तिथे अडीच तासांनी पोचते, म्हणजे साडेदहाला एक (सकाळी 8 ला सुटलेली), साडेअकराला एक, असं करत अडीचपर्यंत मोजून 5 गाड्या. म्हणजे 5 हे उत्तर चूक नाहीये, फक्त ते बाकावर बसलेल्या माणसाचं आहे. प्रवासी बाकावर बसलेला नाही, तो त्या गाड्यांच्या अंगावर चाललाय.

आता 10 च्या गाडीत बसा, 3 ला ब ला पोचाल. सकाळी 10 वाजता रुळांवर आधीपासून काय आहे ते बघा, कारण सगळी गोची इथेच आहे आणि नेमकं हेच कोणी बघत नाही. ब हून 6 ला सुटलेली गाडी तुमच्यापासून फक्त तासाभराच्या रनवर आलीये, 7 ची तिच्या मागे, मग 8 ची, मग 9 ची, अशा चार गाड्या ऑलरेडी वाटेत आहेत आणि त्यातली एकही तुम्हाला न भेटता अ ला पोचूच शकत नाही. शिवाय तुम्ही गाडीत असताना ब हून 10, 11, 12, 1 आणि 2 च्या गाड्या सुटणार, त्या पाच. चार आणि पाच नऊ. जो 5 म्हणतो तो ही दुसरी बॅच तेवढी मोजतो, पहिल्या चार गाड्या त्याच्या हिशोबात कुठे जातात देव जाणे.

वेळेवरूनही बघता येतं. सारख्या वेगाच्या गाड्या धरा, म्हणजे समोरच्या दोन गाड्यांमध्ये एका तासाच्या रनचं अंतर असतं, पण ते अंतर तुम्ही एकटे कापत नाही, अर्धं तुम्ही कापता आणि अर्धं ती गाडी, म्हणून एक गाडी गेल्यावर पुढची अर्ध्याच तासात समोर येते. 6 ची गाडी साडेदहाला भेटेल, 7 ची 11 ला, 8 ची साडेअकराला, आणि 2 ची अगदी शेवटी अडीचला, ब अर्ध्या तासावर राहिलेलं असताना. घड्याळ बघत खिडकीशी बसलात तर हे आपोआप कळतं.

मग येतो टोकांचा वाद. 5 ला सुटलेली गाडी बरोबर 10 ला अ मध्ये शिरते आणि 3 ची गाडी तुम्ही पोचताना ब हून निघते, या दोन धरल्या तर 11, नाही धरल्या तर 9. यावर लोक तासन् तास भांडतात आणि मला हा वाद मनापासून कंटाळवाणा वाटतो, प्रश्नात "वाटेत" लिहिलंय का ते बघा आणि सोडून द्या. ब च्या गाड्या तासाच्या ठोक्याऐवजी साडेला सुटत असतील तर हा वाद उरतच नाही, साडेपाच ते अडीचपर्यंतच्या सरळ 10 गाड्या भेटतात, पहिली सव्वादहाला. हेच कोडं फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांच्या नावावर जहाजांचं म्हणून प्रसिद्ध आहे, रोज दुपारी ल हाव्र आणि न्यूयॉर्क दोन्हीकडून एकेक जहाज निघतं, प्रवास 7 दिवसांचा, आणि तिथे उत्तर 15 देतात कारण बंदरातली दोन्ही जहाजं धरलेली असतात.

यापेक्षा मला जास्त खटकतात ते लोक ज्यांना एवढं कळलंय आणि आता ते सगळीकडे "दुप्पट करा" सांगत सुटलेत. दुप्पट हा नियम नाही, दोन्हीकडून प्रवासाला सारखाच वेळ लागतो म्हणून इथे दुप्पट येतं. समजा तुमची गाडी मध्येच तासभर अडकली आणि 3 ऐवजी 4 ला पोचली, समोरच्या मात्र 5 तासांतच येतायत. प्रवास 6 तासांचा झाला म्हणून दुप्पटवाला 12 चा हिशोब मांडणार, पण उभ्या गाडीत तुम्ही पुन्हा बाकावरचेच माणूस झालात, त्या तासात एकच गाडी जास्तीची मिळते. म्हणजे वाटेत 9 च्या जागी 10, बस्स.

म्हणून मी वेगाच्या भानगडीत पडतच नाही. मी एवढंच विचारतो की मी निघालो त्या क्षणी माझ्या स्टेशनात शिरणारी गाडी तिकडून कधी सुटली होती, आणि मी पोचेन त्या क्षणी तिकडून कुठली सुटतेय. या दोन वेळांच्या मधे सुटलेल्या सगळ्या गाड्या भेटणार, त्याआधीची किंवा नंतरची एकही नाही. हा मधला काळ म्हणजे त्यांच्या प्रवासाचा वेळ अधिक तुमच्या प्रवासाचा वेळ, मग तुम्ही कुठे रखडलात, कुठे पळालात, काही फरक पडत नाही. सिंगल लाइन असली तरी आकडा तोच, फक्त भेट वाट्टेल तिथे न होता क्रॉसिंगच्या स्टेशनवर होते, आणि त्यासाठी कोणाला थांबावं लागलं तर तो वेळ प्रवासाच्या तासांत धरायचा.

एक अट मात्र आहे, गाड्या आधीपासून चालू हव्यात. दोन्हीकडची पहिली गाडी सकाळी 6 ची असेल आणि तुम्ही तीच पकडलीत, तर रुळांवर आधीची एकही गाडी नाही. अडीच तास समोरून कोणीच येणार नाही, पहिली भेट साडेआठला अगदी मध्यावर, मग दर अर्ध्या तासाला 9, साडेनऊ, 10, साडेदहा, आणि 11 ला तुम्ही ब मध्ये शिरताना 11 ची गाडी निघत असेल. वाटेतल्या मोजल्या तर बरोबर 5. तेव्हा 5 वरच अडून बसायचं असेल तर सकाळी लवकर उठा आणि 6 ची गाडी पकडा.