नोकरी न सोडता धंद्याची चाचणी : आमच्याकडे येण्याआधी वाचावे

आमच्याकडे येणारे बहुतेक जण चाळिशीच्या आसपासचे असतात. घराचे हप्ते चालू, मुलं शिकतायत आणि डोक्यात एक कल्पना दोन-चार वर्षं घोळतेय. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "राजीनामा कधी देऊ?" आम्ही उलट विचारतो, या कामाचे पैसे आजवर कुणी दिले आहेत का? नसतील तर राजीनाम्याची चर्चा पुढे ढकला. आधी तेच काम हातानं, अगदी थोड्या लोकांसाठी आणि आगाऊ पैसे घेऊन करून बघा.

एक नमुना घेऊ. कारखान्यात पंधरा वर्षं स्टोअर सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. औषधांच्या दुकानांत मुदत संपलेला माल पडून राहतो, तर आधीच इशारा देणारं ॲप काढावं, असं त्यांच्या मनात आहे. ॲप बनवून घ्यायचं म्हणजे साठवलेल्या पैशाला हात लावणं आलं. म्हणून ठरलं ते असं : दुकानदारानं खरेदीच्या बिलांचे फोटो पाठवायचे, यांनी बॅच नंबर आणि मुदत साध्या एक्सेलमध्ये भरायची आणि दर रविवारी संध्याकाळी यादी पाठवायची. विकल्या गेलेल्या मालावर दुकानदारानं खूण करायची.

नऊ दुकानदारांना विचारलं. सगळे म्हणाले, "कल्पना छान आहे." एका महिन्याचे पैसे आगाऊ मागितले तेव्हा तिघे उरले. बाकी सहा जणांच्या कौतुकाला हिशोबात जागा नाही.

फी मोजायची ती आपल्या पगाराच्या तासांत. महिन्याचा पगार भागिले कामाचे तास, हा आपल्या एका तासाचा भाव. तिघांची फी मिळून बारा तासांच्या पगाराएवढी झाली. काम मात्र सत्तावीस तास लागलं : सुरुवातीची मांडणी नऊ तास, मग दर दुकानामागे आठवड्याला दीड तास. ॲप आधी केलं असतं, तर खरा वेळ माहिती भरण्यात जातो हे पैसे खर्चून झाल्यावर कळलं असतं.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची निघाली. दुकानदार यादीतल्या पहिल्या दहा ओळीच बघत होता आणि त्याला मुदतीची तारीख नकोच होती. वितरक माल परत घेतो तो ठरावीक काळातच, आणि तो काळ कधी संपतो एवढंच त्याला हवं होतं. दुसऱ्या महिन्यात यादी तेवढ्यापुरती केली आणि दर दुकानाचं काम चाळीस मिनिटांवर आलं. त्या महिन्याचे पैसे दोघांनीच भरले : आठ तासांच्या पगाराएवढी फी, साडेपाच तासांच्या आत काम. तिसरा विकलेल्या मालावर खुणाच करत नव्हता, त्यामुळे त्याची यादी नेहमी चुकलेली. तो गेला ते बरंच झालं.

थांबायचं कधी, हे सुरू करण्याआधीच लिहून ठेवा. इथे अट होती : दुसऱ्या महिन्यात तिघांपैकी किमान दोघांनी पुन्हा पैसे भरले नाहीत तर बंद. अट नंतर ठरवली की माणूस स्वतःशीच घासाघीस करत बसतो.

चाचणी नोकरीवर चढायला लागली, हे ओळखायची आमची खूण साधी आहे : दुकानदाराचा फोन सकाळी अकराला येतो आणि तुम्ही जिन्यात जाऊन तो उचलता. म्हणून पहिल्याच बोलण्यात सांगून टाका, यादी रविवारीच मिळेल, मधल्या दिवशी फोन नाही. ज्या धंद्यात गिऱ्हाइकाला दिवसा तातडीनं उत्तर द्यावंच लागतं, तो या पद्धतीनं तपासता येत नाही.

सगळ्यात आधी मात्र नेमणूकपत्र काढा. त्यात चार गोष्टी शोधा : बाहेरचं काम करायला मनाई आहे का किंवा परवानगी लागते का, नोकरीच्या काळात तुम्ही तयार केलेल्या गोष्टींवर हक्क कुणाचा, गोपनीयतेची अट काय आणि स्पर्धेतलं काम कशाला म्हटलंय. परवानगी लागत असेल तर लेखीच घ्या. साहेब तोंडी "हो" म्हणतात, आणि पुढे साहेब बदलतात. ऑफिसचा लॅपटॉप, ईमेल आणि ऑफिसच्या ग्राहकांची यादी यांना हात लावू नका. आमच्या नमुन्यातल्या गृहस्थांनी एक्सेल घरच्या कॉम्प्युटरवर केली, कारखान्यातला तयार तक्ता सोयीचा असूनही. आलेली फी वेगळ्या खात्यात ठेवा आणि कराच्या विवरणात पगारासोबत दाखवा.

पहिल्या भेटीला येताना नेमणूकपत्राची प्रत आणा. शिवाय मागच्या दोन आठवड्यांत संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी खरोखर किती तास मोकळे मिळाले, ते कागदावर लिहून आणा. अंदाजानं नको, रोजच्या रोज लिहिलेलं हवं. आठवड्याला चार तासही निघत नसतील, तर तारीख पुढची घेऊ.