टागालोगमधला ‘महाल’: किंमत आधी की प्रेम आधी?

फिलिपिन्समधल्या टागालोग भाषेत ‘महाल किता’ म्हणजे ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’, आणि ‘महाल आंग बिगास’ म्हणजे ‘तांदूळ महाग आहे’. दोन्हीकडे शब्द तोच आहे आणि आघातही तसाच शेवटच्या अक्षरावर आहे. देवनागरीत लिहिल्यावर मराठी वाचकाला त्यात राजवाडा दिसतो. पण आपला ‘महाल’ अरबीतल्या स्थळवाचक शब्दापासून आला आहे आणि त्याचा किमतीशी काही संबंध नाही. टागालोग शब्दाचा आपल्याकडचा नातलग शोधायचा असेल, तर तो बहुधा ‘महाग’ हा आहे.

फिलिपिन्सच्या बेटांवर संस्कृत शब्द पोहोचले ते मुख्यतः मलय या व्यापारी भाषेच्या मार्फत. मनिलाजवळच्या लागुना प्रांतात 1989 मध्ये सापडलेल्या ताम्रपटावर शके 822, म्हणजे इसवी सन 900, हे वर्ष वैशाख महिना आणि कृष्ण पक्षातील तिथीसह कोरलेले आहे. त्याची भाषा जुनी मलय असून तीत संस्कृत शब्दांची भर आहे, आणि मजकूर एका सोन्याच्या कर्जाच्या माफीचा आहे. मूल्य, कर्ज आणि वजन यांची भाषा आधी आली असावी, असे या एकाच पुराव्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण उसने शब्द कोणत्या प्रकारच्या व्यवहारातून येत होते, याची कल्पना त्यावरून येते.

‘महाल’ची सर्वाधिक मांडली जाणारी व्युत्पत्ती अशी: संस्कृत ‘महार्घ’, म्हणजे ‘महा’ अधिक ‘अर्घ’, मोठ्या मोलाचा, त्यावरून मलयमध्ये ‘महाल’, म्हणजे महाग, आणि तेथून टागालोग. याच ‘महार्घ’चे प्राकृत रूप ‘महग्घ’ आणि त्यातून मराठी ‘महाग’. अर्थाच्या बाजूने ही साखळी इतकी सरळ आहे की ती मान्य करण्याचा मोह होतो. अडचण उच्चाराची आहे. नुसता ‘अर्घ’ मलयमध्ये ‘हार्गा’ झाला आणि त्याचा अर्थ ‘किंमत’ असा राहिला. मग ‘महार्घ’चा ‘महार्गा’ का झाला नाही, ‘ग’ कुठे गेला आणि शेवटी ‘ल’ कसा आला? टागालोगमध्ये जुन्या काळी ‘र’ हा ‘द’पासून वेगळा वर्ण मानला जात नव्हता आणि उसन्या शब्दांतल्या ‘र’चा अनेकदा ‘ल’ होई, त्यामुळे तेथे ‘हार्गा’चा ‘हालागा’ होणे समजू शकते. पण ‘महाल’मधला ‘ल’ मलयमध्येच आहे, म्हणून त्याचे खापर टागालोग उच्चारावर फोडता येत नाही. प्राकृताची वाट धरली तरी ‘महग्घ’मध्ये ‘ल’ नाहीच.

त्यातच टागालोगमध्ये ‘महालागा’ हाही शब्द आहे, अर्थ मौल्यवान किंवा महत्त्वाचा. वरवर पाहणाऱ्याला हाच ‘महार्घ’ वाटतो, आणि ‘महाल’ हे त्याचेच तुटलेले रूप आहे असे सांगणारेही भेटतात. प्रत्यक्षात ‘महालागा’तील ‘म’ हा टागालोगचा विशेषणे घडवणारा स्वतःचा उपसर्ग आहे. ‘सुंदर’ अर्थाच्या ‘मगांदा’त आणि ‘मोठा’ अर्थाच्या ‘मलाकी’तही तोच आहे. म्हणजे उसन्या ‘हालागा’ला देशी उपसर्ग लागला आणि योगायोगाने रूप संस्कृत समासासारखे दिसू लागले. अशा दिसण्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये. तरीही मूळ ‘महार्घ’ असण्याची शक्यताच मला जास्त वाटते, कारण राजवाड्याच्या अरबी शब्दापासून ‘महाग’ हा अर्थ काढणे उच्चाराच्या अडचणीपेक्षा कितीतरी अवघड आहे.

मलयमध्ये ‘महाल’ केवळ महागच राहिला. प्रेमासाठी तिथे ‘चिंता’, ‘कासिह’ आणि ‘सायांग’ आहेत. त्यांपैकी ‘चिंता’ हा आपलाच काळजीचा शब्द. तो टागालोगमध्ये ‘सिंता’ होऊन प्रियजनाला उद्देशून वापरला जाणारा, आता जरासा काव्यमय वाटणारा शब्द झाला. ‘सायांग’चे उलटेच झाले: मलयमध्ये माया, टागालोगमध्ये ‘अरेरे, वाया गेले’. त्यामुळे किमतीचा शब्द प्रेमाकडे वळणे ही टागालोगची स्वतःची करणी आहे.

ती केव्हा घडली? 1593 मध्ये मनिलात छापलेल्या प्रश्नोत्तररूपी धर्मपुस्तिकेत देवावर प्रेम करण्याची आज्ञा ‘इबिग’ या धातूने दिली आहे, ‘महाल’ने नाही. ‘इबिग’ म्हणजे मुळात इच्छा, आवड. ‘पाग-इबिग’ हे त्याचे नाम आजही औपचारिक लेखनात आणि गाण्यांत प्रेमासाठी येते. दुसरीकडे धार्मिक भाषेत ‘महाल’ पवित्र आणि थोर या अर्थाने रुळला: ‘महाल ना बिर्हेन’ म्हणजे पवित्र कुमारी, ‘महाल ना आराव’ म्हणजे ईस्टरपूर्वीचा पवित्र सप्ताह, आणि राजाला उद्देशून ‘कामाहालान’. महाग, म्हणून दुर्मीळ. दुर्मीळ, म्हणून आदरणीय. आदरणीय, म्हणून जिवाचा, हा क्रम मला पटतो. स्पॅनिश ‘कारो’ या शब्दालाही महाग आणि प्रिय असे दोन अर्थ असल्यामुळे ही सारी नक्कल आहे असे काहीजण सुचवतात. स्पॅनिश राजवटीने या वळणाला बळ दिले असेल. पण किमतीवरून माया हे वळण अनेक भाषांनी स्वतंत्रपणे घेतले आहे.

आजच्या बोलण्यात गोंधळ फारसा होत नाही, कारण व्याकरण अर्थ वेगळे करते. ‘महाल को’मध्ये ‘को’ म्हणजे ‘माझा’. कोणाला तरी प्रिय असण्यासाठी तो ‘कोणी’ वाक्यात यावा लागतो, महाग असण्यासाठी लागत नाही. ‘किता’त तर ‘मी’ आणि ‘तू’ दोघेही एकाच शब्दात बसले आहेत. क्रियापदात मात्र दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र येतात: ‘नाग्महाल सिया’ म्हणजे त्याने किंवा तिने प्रेम केले आणि ‘नाग्महाल आंग बिगास’ म्हणजे तांदूळ महागला. मराठीत ‘महागणे’ आहे, पण त्याला ही दुसरी बाजू नाही. ‘भाव तरी प्रेम करतात, तू मात्र नाही’ या धर्तीचे विनोद फिलिपिन्समध्ये दरवाढीच्या प्रत्येक लाटेबरोबर नव्याने फिरतात.

2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या जानेवारीत त्यांना कांद्याने खाद्य पुरवले. मनिलाच्या बाजारांत लाल कांदा किलोला 700 पेसोंपर्यंत गेला, तेव्हा राजधानी परिसरातील बिगरशेती कामगाराचे किमान रोजचे वेतन 570 पेसो होते. त्याच जानेवारीत इलोइलो शहरातल्या एका वधूने लग्नात फुलांऐवजी कांद्यांचा गुच्छ हातात धरला आणि ते छायाचित्र सर्वत्र पसरले. टागालोग वाचकाला त्यात एका शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच मुठीत दिसले असतील. इलोइलोची बोली मात्र टागालोग नाही, हिलिगायनोन आहे. तिथे प्रेमाला ‘गुग्मा’ म्हणतात, लाडक्या माणसाला ‘पालांगा’, आणि ‘महाल’ रोजच्या वापरात मुख्यतः बाजारातच ऐकू येतो.