अध्ययन अक्षमतेची तपासणी: पालकांसाठी माहितीपत्र

प्रिय पालक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलाची किंवा मुलीची तपासणी आमच्याकडे ठरली आहे. संमतीपत्रावर सही करण्याआधी हे पत्र दोघांनीही निवांत वाचा. काही अडले तर आधी विचारा, सही नंतर करा.

तपासणीआधी

डोळे आणि कान तपासल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. फळ्यावरचे दिसत नसेल किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर मूल वाचन-लेखनात मागे पडणारच, आणि त्याला अध्ययन अक्षमता म्हणणे चूक ठरेल. तेव्हा नेत्रतज्ज्ञांचा कागद आणि श्रवण तपासणीचा अहवाल (ऑडिओग्राम) सोबत आणा. दोन वर्षांची प्रगतिपुस्तके आणि तीन-चार विषयांच्या वह्याही हव्यात. वह्या नीटनेटक्या करून आणू नका. खाडाखोड, अर्धवट सोडलेली वाक्ये, बाईंचे लाल शेरे हे सगळे आम्हाला पाहायचे असते.

मुलाला "डॉक्टरकडे जायचंय" किंवा "परीक्षा आहे" असे सांगू नका. "तुला वाचायला जड का जातं ते एक ताई बघणार आहेत, त्यात पास-नापास नाही," एवढे पुरे.

तपासणीत काय होते

पहिल्या भेटीत तासभर तुमच्याशी बोलणे होते: बाळंतपण, बोलणे कधी सुरू झाले, घरात कोणती भाषा, किती शाळा बदलल्या. पुढच्या दोन-तीन बैठका मुलासोबत, सकाळच्या वेळी, मध्ये सुट्टी देऊन. एका चाचणीत बौद्धिक क्षमता पाहतो, दुसऱ्या संचात वाचन, लेखन, आकलन आणि गणित. त्यासाठी बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा संच वापरतो. मराठी वाचनासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेली 'डाली' चाचणीही घेतो.

हे प्रत्यक्षात कसे दिसते, ते एका नमुन्यावरून सांगतो. समजा मुलगा चौथीत आहे, सेमी इंग्रजी शाळेत. घरी मराठी. तोंडी प्रश्नांना फटाफट उत्तरे देतो, पण वही कोरी. बुद्धिमापन चाचणीत त्याला ९६ गुण मिळतात, म्हणजे वयाच्या सरासरीत. मग त्याला ऐंशी शब्दांचा उतारा वाचायला देतो. वर्गातली इतर मुले जे साधारण सव्वा मिनिटात वाचतात, त्याला साडेतीन मिनिटे लागतात. 'भाकर'चे 'माकर' होते, 'पुस्तक' वाचताना जोडाक्षर गळून 'पुतक' उरते, ओळ संपल्यावर पुन्हा तीच ओळ सुरू होते. उताऱ्यावरच्या पाच प्रश्नांपैकी एकाचे उत्तर येते. तेवढ्याच अवघड दुसरा उतारा आम्ही त्याला वाचून दाखवतो, तेव्हा पाचपैकी पाच.

आमच्या दृष्टीने या शेवटच्या फरकाला ९६ या आकड्याहून जास्त किंमत आहे. त्याला गोष्ट समजते, कागदावरून ती उचलता येत नाही. इंग्रजीतही अशाच चुका दिसल्या, तर शंका बळावते. अडचण फक्त इंग्रजीतच असेल, तर बहुधा भाषेचा सराव कमी पडला आहे, आणि तसेच आम्ही लिहितो. लेखनात केवळ ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढत नाही. त्या चुका मोठी माणसेही करतात.

या तपासणीला मर्यादा आहेत

९६ हा आकडा दगडावरची रेघ नाही. तेच मूल दुसऱ्या दिवशी ९२ किंवा ९९ वर येऊ शकते, म्हणून अहवालात आम्ही आकड्यासोबत वरखाली पाच-सहा गुणांचा पट्टा देतो. मूल तापातून उठलेले असेल, रात्री झोपले नसेल, तर बैठक पुढे ढकलतो. तसा फोन करायला संकोचू नका. दुसरी गोष्ट चाचण्यांची. भारतात अजून सर्रास वापरली जाणारी मालिन बुद्धिमापन चाचणी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीची आहे, आणि जुन्या सरासरीशी तुलना केली की आजच्या मुलांचे गुण थोडे जास्तच दिसतात. कोणती चाचणी वापरली, हे म्हणूनच अहवालात नावानिशी असते. आणखी कुठे तपासणी करायची असल्यास तीच बुद्धिमापन चाचणी वर्षभर टाळा. प्रश्न ओळखीचे झाले की गुण फुगतात.

आठ वर्षांखालील मुलाला आम्ही 'अध्ययन अक्षमता' असे निदान देत नाही. पहिली-दुसरीत अनेक मुले अक्षरे उलटी काढतात आणि त्यातून बाहेरही येतात. अशा वेळी सहा महिने उपचारात्मक शिकवणी सुचवून पुन्हा पाहतो. लक्ष न लागणे, अतिचंचलता यांचे निदान या चाचण्यांतून होत नाही. तशी शंका आल्यास विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो.

पालकांची सर्वांत जास्त गफलत होते ती इथे: आमचा अहवाल म्हणजे सरकारी प्रमाणपत्र नव्हे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, पण प्रमाणपत्र शासनाने अधिकृत केलेले रुग्णालयच देते. मुंबईत उदाहरणार्थ सायन, केईएम, नायर. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर तेच लागते. तिथे मुलाची नव्याने तपासणी होते आणि निष्कर्ष आमच्यापेक्षा वेगळा येऊ शकतो. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून दहावीच्या वर्षाची वाट पाहू नका. आठवी-नववीतच हालचाल करा.

कागदपत्रे कशी ठेवतो

मुलाच्या फाईलवर नाव नसते, क्रमांक असतो. नाव आणि क्रमांकाची जोडणी असलेली वही वेगळ्या कपाटात. उत्तरपत्रिका आणि आमची टिपणे कुलूपबंद असतात, टंकलेखित अहवाल पासवर्ड असलेल्या संगणकावर. वाचनातल्या चुका मोजण्यासाठी आवाज ध्वनिमुद्रित करतो, आणि अहवाल तुमच्या हाती पडला की ती फाईल पुसून टाकतो. व्हॉट्सॲपवर अहवाल पाठवत नाही, कितीही घाई असली तरी. दोन सहीशिक्क्याच्या प्रती हातोहात मिळतील. आई-वडील वेगळे राहत असतील, तर न्यायालयाचा वेगळा आदेश नसल्यास दोघांनाही प्रत मिळते.

शाळेला तुमच्या लेखी संमतीशिवाय काहीही जात नाही. शाळेने थेट मागितले तरी नाही. संमती दिलीत तर शाळेसाठी एक पानाचे वेगळे पत्र देतो: वर्गात काय सोय करावी एवढेच, बुद्ध्यांक आणि घरची माहिती त्यात नसते. बुद्ध्यांक एकदा शिक्षक-खोलीत पोहोचला की तो मुलाला चिकटतो, हे आम्ही पाहिले आहे.

अहवाल तुमचा आहे, चुकीची माहिती दिसली तर दुरुस्ती मागा. चाचणीची प्रश्नपुस्तिका मात्र दाखवता येत नाही, कारण प्रश्न बाहेर फुटले की ती चाचणी पुढच्या मुलांसाठी निकामी होते.

गोपनीयतेला दोन अपवाद आहेत. न्यायालयाचा आदेश, हा एक. दुसरा, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे समोर आल्यास पॉक्सो कायद्याने आम्हाला पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे तुमची संमती आम्ही मागणार नाही.

मूल १८ वर्षांचे होऊन आणखी तीन वर्षे फाईल ठेवतो, नंतर कागद यंत्रात कातरून नष्ट करतो. त्याआधी तुम्हाला नोंदवलेल्या पत्त्यावर पत्र येईल, म्हणून घर किंवा फोन बदलला तर कार्यालयात कळवा. १८ नंतर अहवालाची प्रत मागण्याचा आणि संमती देण्याचा हक्क मुलाकडे जातो, तुमच्याकडे राहत नाही.

सोबतच्या संमतीपत्रात शाळेला पत्र द्यायचे की नाही, याची वेगळी चौकट आहे. ती आत्ता कोरी ठेवली तरी तपासणी अडत नाही.

आपले,
केंद्रातील सर्व सहकारी