काठ वाचला, मजुरी गेली

ठाण्याच्या कापडाची ख्याती जुनी आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने या बंदराचे वर्णन करताना इथून बाहेर जाणाऱ्या सुती कापडाचा उल्लेख केला आहे. आज हातमाग पाहायचा म्हणून कोणी ठाण्यात फिरले, तर त्याला बहुधा शोरूमच्या काचेआड शोभेला ठेवलेलाच माग दिसेल. खरे माग ऐकायचे तर भिवंडीला जावे लागते, आणि तिथले माग विजेवर चालतात. मधल्या काळात काय झाले याचे सरधोपट उत्तर असे: विलायतेचे स्वस्त कापड आले आणि विणकर बुडाला. ते खोटे नाही, पण यंत्राने घाव नेमका कुठे घातला हे त्यातून कळत नाही.

पहिला घाव विणकरावर बसलाच नाही. तो बसला सूत कातणाऱ्या बायकांवर. एक माग दिवसभर चालवायचा तर त्याला सूत पुरवायला चार-पाच जणी तरी चरख्यावर हव्यात. त्यामुळे कापडात सगळ्यात जास्त वेळ जायचा तो कातणीत, विणण्यात नव्हे. बारीक सुताचा हिशेब इतिहासकारांनी मांडला आहे. शंभर पौंड, म्हणजे साधारण ४५ किलो कापूस हाताने कातायला भारतात ५०,००० तास लागत. १८२५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या स्वयंचलित कातणी यंत्रावर तेच काम १३५ तासांत व्हायला लागले. किलोमागे बोलायचे तर रोज आठ तास कातून जिथे साडेचार महिने जात, तिथे आता तीन तास पुरत होते. इतक्या फरकापुढे मजुरी कितीही कमी करून भागत नाही.

त्या सुताच्या लडी आपल्या बंदरांत उतरू लागल्या तेव्हा विणकराने त्या आनंदाने घेतल्या. सूत स्वस्त होते, एकसारखे होते आणि ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, कमी तुटायचे. शेजारच्या घरातला चरखा बंद पडला, याच्या घरातला माग चालूच राहिला. स्वदेशीच्या गोष्टी सांगताना हा भाग आपण जरा झाकून ठेवतो.

विणकराच्या पोटावर पाय आला तो तयार कापडाने. १८१४ मध्ये ब्रिटनमधून भारतात जेमतेम आठ लाख वार सुती कापड आले होते. १८३५ मध्ये ते पाच कोटी वारांच्या पुढे गेले. आपल्या कापडावर तिकडे भरमसाट जकात होती आणि त्यांच्या कापडावर इकडे नावापुरती, हेही त्यातले एक कारण. तरी घाटावरच्या गावांना बराच काळ एक आडोसा होता, तो वाहतुकीचा. बैलांच्या पाठीवरून मुंबईचा माल खानदेशात किंवा वऱ्हाडात पोचेपर्यंत त्याचा स्वस्तपणा वाटेतच विरून जाई. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. पुढच्या बारा वर्षांत कल्याणला फुटलेले दोन्ही फाटे बोरघाट आणि थळघाट चढून गेले. उतरताना गाड्या कापसाच्या गाठी आणत आणि चढताना कापडाचे तागे नेत. आडोसा मोडला तो असा.

आता विणकराच्या घरचा हिशेब बघू. आकडे समजुतीपुरते घेतो. समजा एका धोतरजोडीला दोन रुपयांचे सूत लागते आणि जोडी तीन रुपयांना जाते. विणकराच्या हाती एक रुपया राहतो. त्यातच खळ, मागाची दुरुस्ती, बायकोने भरलेल्या कांड्या आणि घरच्या सगळ्यांचे जेवण. बाजारात तसेच परदेशी कापड आले आणि भाव अडीच रुपयांवर उतरला. सुताचा भाव मात्र दोनच राहिला. कापड सहाव्या हिश्शाने स्वस्त झाले, पण विणकराची कमाई निम्मी झाली. घर चालवायला तो दुप्पट विणतो, पोरांना मागावर बसवतो. म्हणजे बाजारात माल वाढतो आणि भाव आणखी पडतो. म्हणूनच केवळ मागांची संख्या मोजून विणकरांचे हाल कळत नाहीत. माग खटखटत असतो आणि घरातला माणूस खंगत असतो.

या सगळ्यात नऊवारी लुगडे मात्र बराच काळ टिकून राहिले. त्याचे श्रेय आपण परंपरेला देतो. मला त्यात तंत्राचा वाटा मोठा दिसतो. अंग एका रंगाचे आणि काठ दुसऱ्या रंगाचे हवे असतील, तर आडवा धागाही काठात शिरताना बदलावा लागतो. विदर्भातले कोष्टी करवतकाठी साडी विणताना आडवा धागा नेणारे तीन धोटे वापरतात: एक अंगाचा आणि प्रत्येक काठाला एकेक. प्रत्येक ओळीत काठाचा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवून परत फिरवायचा. साध्या यंत्रमागाला एकच धोटा असतो आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. धोतरे, मांजरपाट, छापील कापड यांत मँचेस्टरने बाजी मारली. या काठापाशी त्याचे यंत्र अडले.

भिवंडीतही आधी हातमागच होते. उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी ते बसवले आणि १९३० च्या आगेमागे वीज आल्यावर तिथे यंत्रमाग शिरले. साध्या कापडाचा एक मीटर घेऊ, इंचाला पन्नास आडवे धागे. म्हणजे मीटरला जवळपास दोन हजार. दोरी ओढून धोटा उडवणारा हातमागवाला मिनिटाला पन्नास धागे टाकतो, म्हणजे चाळीस मिनिटे. तुटलेला धागा जोडणे आणि कांडी बदलणे धरून तासभर. यंत्रमाग मिनिटाला १४० टाकतो, चौदा मिनिटांत मीटर. पण खरी गोम वेगापेक्षा दुसरीकडे आहे. एकच कारागीर सहा यंत्रमाग सांभाळतो, तेव्हा मीटरमागे माणसाची अडीच मिनिटेही खर्च होत नाहीत. हवेच्या झोताने धागा फेकणारा आधुनिक माग मिनिटाला आठशे टाकतो आणि असे दहा माग एका माणसाकडे असतात. मीटरमागे पंधरा सेकंद! बाहेरून येणारे बरेच कापड अशा मागांवरचे असते, आणि आता त्याच्या भावाची झळ भिवंडीच्या जुन्या यंत्रमागवाल्याला लागते. एके काळी त्याच्या मागाने हातमागाला लावली तीच ही झळ.

काठाचा आडोसाही आता पुरता उरलेला नाही. १९८५ च्या कायद्याने काही वाण फक्त हातमागासाठी राखून ठेवले. सुरुवातीला ते बावीस होते, नंतर अकरा राहिले. दरम्यान यंत्राने काठाची युक्तीही शोधली. काठाचे उभे धागे दाट घ्यायचे आणि साटीन विणीने पृष्ठभागावर आणायचे, म्हणजे अंगाच्या रंगाचा आडवा धागा खाली झाकला जातो. पुढून काठ भरगच्च, एकरंगी दिसतो.

पण तो धागा झाकला जातो फक्त पुढून. ठाण्यातल्या दुकानात साडी समोर पसरली की काठ उलटून पाहा. मागे अंगाचा रंग उमटलेला असेल तर आडवा धागा सलग गेला आहे. एवढ्यावरून ती यंत्रमागाचीच असे ठरवू नये, कारण हातमागावरही साटीनचा काठ विणतात. काठ दोन्ही बाजूंनी सारख्याच रंगाचा असेल आणि अंग व काठ यांच्या सांध्यावर धागे एकमेकांत अडकवलेले बोटाला लागत असतील, तर तिथे तीन धोटे चालले आहेत. मग किंमत विचारताना त्या सांध्याला लागलेले तास धरून विचारावी.