कोऱ्या स्लाइडचा इतिहास

किडनीची बायोप्सी कोल्हापुरातून बाहेरच्या लॅबला जाते तेव्हा दोन बाटल्या जातात. एकीत फॉर्मॅलिन असतं, दुसरीत मिशेल मीडियम. दुसऱ्या बाटलीतला तुकडा इम्युनोफ्लुरोसन्ससाठी असतो. त्यावर चमकणाऱ्या रंगाला जोडलेल्या अँटिबॉडी टाकतात आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत कोणती अँटिबॉडी, कॉम्प्लिमेंट नावाचं कोणतं संरक्षक प्रथिन अडकलंय ते अंधारात पाहतात. आजार भडकलेला असतानाही ही स्लाइड काही रुग्णांत जवळजवळ काळीच राहते. ही नोंद त्या काळ्या स्लाइडबद्दल आहे.

समजण्यासाठी एक रचलेलं उदाहरण घेऊ. शिरोलीच्या फाउंड्रीत वीस-बावीस वर्षं मोल्डिंग आणि फेटलिंग केलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस. दीड महिना बारीक ताप, सांधेदुखी, नाकात रक्ताळलेल्या खपल्या. खोकला होता म्हणून आधी टीबीची शंका आली, पण थुंकीच्या तपासण्या निगेटिव्ह निघाल्या. मग तो म्हणाला, "डॉक्टर, लघवी कोऱ्या चहागत व्हाय लागलीया." क्रिएटिनिन तीन आठवड्यांत १.४ वरून ३.८ वर गेलं. लघवीत वेड्यावाकड्या आकाराच्या लाल पेशी आणि त्यांचे कास्ट दिसले, म्हणजे रक्त मूत्राशयातून नव्हे, ग्लोमेरुलस या किडनीच्या गाळणीतून येत होतं. बायोप्सीत १८ ग्लोमेरुली मिळाले, त्यातल्या ९ मध्ये क्रेसेंट, म्हणजे गाळणीत दाटलेल्या पेशींची चंद्रकोर, होती आणि काही ठिकाणी केशिकेची भिंत फाटून फायब्रिन सांडलेलं होतं. इतकी जाळपोळ झाली होती, तरी फ्लुरोसन्स जवळजवळ कोरं.

हे कोरेपण कोड्यात का टाकतं, ते कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. १९०३ मध्ये आर्थस यांनी सशांच्या त्वचेत घोड्याचं सीरम पुन्हा पुन्हा टोचलं, तर त्या जागी सूज आणि नंतर कुजणं सुरू झालं. १९०५ मध्ये फॉन पिर्के आणि शिक यांनी सीरम सिकनेसचं वर्णन केलं. डिप्थेरियासाठी घोड्याचं सीरम दिलेल्या मुलांना काही दिवसांनी ताप, पुरळ आणि सांधेदुखी व्हायची. पुढे १९५० च्या दशकात डिक्सन आणि इतरांनी सशांवर दाखवलं, की रक्तात अँटिजन आणि अँटिबॉडीची जोडी, म्हणजे इम्यून कॉम्प्लेक्स, तयार होते आणि ती ग्लोमेरुलस व रक्तवाहिन्यांत साचते. साचलेली जोडी कॉम्प्लिमेंट चेतवते, कॉम्प्लिमेंट न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावतं आणि न्यूट्रोफिल भिंत फोडतात. या गोष्टीत न्यूट्रोफिल नंतर येतो. आधी भिंतीत काहीतरी अडकलेलं असतं आणि तेच फ्लुरोसन्समध्ये दाणेदार चमकतं. ल्युपसमध्ये आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी३, सी१क्यू असं सगळं एकत्र उजळू शकतं. घसा दुखून गेल्यावर पायांवर लालजांभळे उठाव आलेल्या मुलाच्या आयजीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहात, आयजीए उजळतं. ल्युपस आणि क्रायोग्लोब्युलिनच्या आजारात कॉम्प्लिमेंट खर्च होत असल्याने रक्तातलं सी४ बऱ्याचदा खाली येतं. आयजीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये मात्र ते सहसा जागेवर असतं.

या चौकटीत बसून फाउंड्रीवाल्याची स्लाइड वाचली, तर उत्तर मिळत नाही. अशा आजाराला 'पॉसी-इम्यून' म्हणायला लागले, म्हणजे इम्यून साठा फारच थोडा असलेला. हे वर्णन झालं, कारण नव्हे.

कारणाकडे जाणारा धागा १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात मिळाला. नेक्रोटायझिंग ग्लोमेरुलोनेफ्रायटिसच्या आठ रुग्णांच्या रक्तात न्यूट्रोफिलविरुद्धची अँटिबॉडी, म्हणजेच अँका, दिसली. त्या डॉक्टरांना वाटलं, हा डासांमार्फत पसरणाऱ्या रॉस रिव्हर विषाणूचा परिणाम असावा. निरीक्षण अचूक होतं, अर्थ चुकला होता. १९८५ मध्ये फान डर वूडे आणि सहकाऱ्यांनी तेव्हा वेगेनर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजाराशी अशीच अँटिबॉडी जोडली. १९८८ मध्ये फॉक आणि जेनेट यांनी तिचं एक लक्ष्य ओळखलं: मायलोपेरॉक्सिडेज, म्हणजे एमपीओ. दुसरं मोठं लक्ष्य प्रोटिनेज ३, म्हणजे पीआर३. ही दोन्ही न्यूट्रोफिलच्या कणांमधली अस्त्रं आहेत. अँटिबॉडी भिंतीवर नव्हे, भिंतीजवळून वाहणाऱ्या पेशीवर बसत होती. मला या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वळण हेच वाटतं, कारण त्यानंतर तपास भिंतीकडून पेशीकडे वळला.

पण अस्त्रं पेशीच्या आत, अँटिबॉडी बाहेर; मग गाठ कशी पडते? १९९० मध्ये फॉक-जेनेट गटाने परीक्षानळीत दाखवलं, की अँका लावलेले न्यूट्रोफिल ऑक्सिजन रॅडिकल सोडतात आणि कण रिकामे करतात, आणि आधी टीएनएफसारख्या दाहक रसायनाने चेतवलेले असतील तर जास्तच. चेतवल्यावर एमपीओ आणि पीआर३ पेशीच्या पृष्ठभागावर येतात. तिथे अँकाची दोन टोकं पकड घेतात आणि शेपूट त्याच पेशीच्या एफसी रिसेप्टरला धरते. पेशी भडकते, केशिकेच्या भिंतीला चिकटते आणि एन्झाइम तिथेच ओतते. २००९ मध्ये असंही दिसलं, की हे न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात आणि पीआर३ व एमपीओ त्या जाळीत असतात. भिंतीला भोक पडल्यावर फायब्रिन बाहेर सांडतं, भोवतालच्या पेशी वाढतात आणि क्रेसेंट तयार होतो. न्यूट्रोफिल मरून जातो, त्याच्यावरची थोडी अँटिबॉडीही त्या धुमाळीत तुटून जाते. स्लाइड काळी का राहते, त्याचं उत्तर मुख्यतः यात आहे.

हे नुसतं सोबत सापडणं नाही, कारणच आहे, हे २००२ मध्ये शियाओ आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर सिद्ध केलं. ज्या उंदरांत एमपीओच नाही त्यांना उंदराचं एमपीओ टोचलं. त्यांच्या शरीराला ते परकं वाटलं, म्हणून त्यांनी अँटिबॉडी बनवली. ती दुसऱ्या उंदरांना दिली, तर सहा दिवसांत क्रेसेंटसह नेफ्रायटिस झाला, आणि साठाही जवळजवळ नाही. त्याच गटाने नंतर न्यूट्रोफिल काढून टाकल्यावर उंदीर वाचले.

यानंतर एक धक्का होता. साठा नाही म्हणजे कॉम्प्लिमेंटही नाही, असं सगळे धरून चालले होते. २००७ मध्ये त्याच गटाला दिसलं, की सी४ नसलेल्या उंदरांना आजार होतो, पण सी५ किंवा फॅक्टर बी नसलेल्यांना होत नाही. म्हणजे इम्यून कॉम्प्लेक्स सहसा जो मार्ग वापरतात तो इथे नव्हता, पण पर्यायी मार्ग चालू होता. भडकलेले न्यूट्रोफिल हा मार्ग चेतवतात, त्यातून सी५ए बनतं, आणि सी५ए नव्या न्यूट्रोफिलना चेतवतं. हे चक्र स्वतःच स्वतःला पेटतं ठेवतं. म्हणून सी५ए-रिसेप्टर अडवणारं अ‍ॅव्हाकोपॅन आलं. त्याची मोठी चाचणी २०२१ मध्ये छापली गेली. ५२ व्या आठवड्याला टिकून राहिलेल्या आरामात ते प्रेडनिसोनपेक्षा सरस ठरलं.

आता त्या माणसाकडे परत. त्याचं सी३, सी४ नॉर्मल, एमपीओ-अँका पॉझिटिव्ह, लघवी आणि बायोप्सी एकाच दिशेने, अँका व्हॅस्क्युलायटिसकडे, बोट दाखवणारी. स्टेरॉइडसोबत रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड, तेही लगेच, कारण एकेका दिवसात ग्लोमेरुली जातात. पण नुसत्या अँकावर कोणी औषध सुरू करू नये. टीबीत आणि हृदयाच्या झडपांच्या जंतुसंसर्गातही अँका पॉझिटिव्ह येऊ शकतं. झडपांच्या आजारात इम्यून कॉम्प्लेक्समुळे किडनीही बिघडते. तिथे स्लाइड बऱ्याचदा उजळते आणि सी३ खाली येऊ शकतं, आणि त्या रुग्णाला सायक्लोफॉस्फमाइड देणं जिवावर बेतू शकतं. उलट, काही रुग्णांना हाच आजार असूनही अँका निगेटिव्ह येतं, म्हणून बायोप्सी टाळता येत नाही. शिवाय पीआर३च्या बाबतीत उंदरांवरचा पुरावा एमपीओइतका भक्कम नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: दोन्ही तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकले, तर नेहमीचं फ्लुरोसन्स हुकतं. दुसऱ्या बाटलीत ग्लोमेरुलसच आला नसेल, तर रिपोर्टला 'निगेटिव्ह' नव्हे, 'अपुरा नमुना' म्हणावं. आणि कामाचा इतिहास घ्यावा. सिलिकाची धूळ अँका व्हॅस्क्युलायटिसशी जोडलेली आढळली आहे, आणि मोल्डिंगची वाळू, फेटलिंगची धूळ ही सिलिकाचीच. केस पेपरवर 'धंदा: मजूर' एवढंच लिहिलं, की ती धूळ कागदावर येतच नाही.