पालिकेची धोकादायक नोटीस आणि मालकाची घर खाली करायची नोटीस, दोन्ही एकच नव्हेत

पावसाळा आला की आमच्या बेळगावात खडेबाजार, शहापूरकडच्या जुन्या मातीच्या भिंतींच्या घरांना नोटिसा लागतात आणि लगेच सुरू होतं, "आता भाडेकरू गेला बघा". अहो, तसं नसतंय.

महानगरपालिकेची नोटीस इमारतीबद्दल असते. टेकू द्या, दुरुस्त करा नाहीतर पाडा, तोवर आत राहू नका, एवढंच ती सांगते. मालक कोण, भाडेकरू कोण, कुणाचा हक्क संपला हे ठरवायचा अधिकार आयुक्तांना नाही, ते काम कोर्टाचं. मालकाची नोटीस मात्र भाडेकरार संपवायला असते, आणि तुम्ही उठला नाही तर त्याला कोर्टातच जावं लागतं, परस्पर कौलं काढणं, नळ-लाईट तोडणं चालत नाही.

समजा खाली दुकान आहे, 10 बाय 12 फूट, म्हणजे साधारण 11 चौरस मीटर. कर्नाटकाचा 1999 चा भाडे कायदा 14 चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला लागत नाही, हे लहान म्हणून आत बसतं (भाड्याचीही मर्यादा आहे, ती वेगळी बघा). तेच दुकान 10 बाय 16 असतं तर बाहेर, मग करार आणि साधा दिवाणी दावा. म्हणून माप फार महत्त्वाचं, आणि पाडल्यावर माप घेणार कुठून? आधीच फोटो, टेपनं माप, भाडेपावत्या, लाईट बिल जपून ठेवा.

आणि इमारत पाडली तरी भाडेपट्टा आपोआप संपत नाही, कारण खालची जमीन शिल्लक राहते, असं सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये शहा रतनशी खिमजी खटल्यात म्हटलंय. पण याचा अर्थ मालक उद्याच नवी खोली बांधून देईल असा नव्हे, त्यासाठी भांडावं लागतंच. मुंबईचं म्हाडा, ट्रान्झिट कॅम्प वगैरे ऐकून इथं आशा धरू नका, ते महाराष्ट्राचं, इथं लागत नाही.

खरी चूक होते ती सहीत. घाईत मालक स्टॅम्प पेपर पुढं करतो, "ताबा राजीखुशीनं दिला", आणि भाडेकरू करतो सही. त्याऐवजी आयुक्तांना आणि मालकाला लेखी द्या की धोक्यामुळं तात्पुरतं बाहेर पडतोय, भाडेहक्क सोडलेला नाही, आणि पोच घ्या. नोटीस कन्नडमध्ये असेल तर आधी कुणाकडून तरी नीट वाचून घ्या, "दुरुस्ती" लिहिलंय की "पाडा" ते बघा. नुसती दुरुस्ती असेल तर मालकाच्या "पाडायलाच लागतंय" ला इंजिनिअरचा रिपोर्ट मागा.

मालकाचंही बघा, भाडेकरू हलत नाही म्हणून गप्प बसू नका, पालिकेला लेखी कळवून ठेवा. भिंत पडली तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील.